गोवरासाठी ९५ टक्केच का? आर-नॉट आणि हर्ड इम्युनिटीचं गणित सोप्या भाषेत

साथरोगशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये हमखास येणारा एक प्रश्न आहे. ‘एका आजाराचा आर-नॉट १५ आहे. साथ रोखायची असेल तर लोकसंख्येतल्या किती टक्के लोकांमध्ये प्रतिकारशक्ती हवी? लस ९७ टक्के प्रभावी असेल तर किती जणांना द्यावी लागेल?’

सूत्रात आकडे टाकले की दोन ओळींत उत्तर येतं आणि पूर्ण मार्कही मिळतात. पण २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली आणि नंतर ती भिवंडी, मालेगावपर्यंत दिसली. तेव्हा हीच दोन ओळींची आकडेमोड अपुरी का पडते, हे सगळ्यांसमोर आलं. म्हणून आपण हा प्रश्न गोवराच्याच उदाहरणाने सोडवू. आधी सूत्र कुठून येतं ते पाहू आणि मग ते कुठे फसतं ते.

आर-नॉट म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला मूलभूत पुनरुत्पादन संख्या म्हणतात. ज्या वस्तीत त्या आजाराविरुद्ध कुणालाच प्रतिकारशक्ती नाही, तिथे एक रुग्ण त्याच्या आजारपणात सरासरी किती जणांना आजार देईल, तो आकडा म्हणजे आर-नॉट. लिहिताना R0 असं लिहितात. इथला शून्य म्हणजे ‘सुरुवातीची अवस्था’, जिथे अजून कुणीच सुरक्षित नाही.

हा आकडा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो. रुग्ण किती दिवस आजार पसरवू शकतो, तो रोज किती जणांच्या जवळ येतो आणि अशा एका भेटीत संसर्ग होण्याची शक्यता किती.

गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या साधारण चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत आजार पसरवतो, म्हणजे सुमारे ८ दिवस. समजा तो रोज १५ नव्या माणसांच्या जवळ येतो आणि दर आठ भेटींपैकी एकीत संसर्ग होतो. (शेवटचे दोन आकडे समजण्यासाठी घेतलेत.) आठ दिवसांत भेटी झाल्या १२०. त्याला आठने भागलं की आर-नॉट आला १५.

आता हेच मूल दाटीवाटीच्या चाळीऐवजी डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर राहतं आणि रोज सहाच जणांना भेटतं असं धरा. विषाणू तोच, दिवस तेवढेच, पण भेटी ४८ आणि आर-नॉट ६. म्हणजे आर-नॉट हा विषाणूच्या अंगावर चिकटवलेला कायमचा नंबर नाही. तो विषाणू आणि लोक कसे राहतात, या दोन्हींचा मिळून असतो. असाइनमेंटमध्ये ‘गोवराचा आर-नॉट १२ ते १८ असतो’ असं एक वाक्य लिहून पुढे जाणाऱ्यांची इथेच गल्लत होते. २०१७ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये जगभरातल्या अंदाजांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गोवराचा आर-नॉट ३.७ पासून थेट २०३.३ पर्यंत सापडला! मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या हे खरंच, पण १२ ते १८ ही काही दगडावरची रेघ नाही.

आणखी एक. आर-नॉट आजार किती पसरतो ते सांगतो, किती मारतो ते नाही. इबोलाचा आर-नॉट साधारण दोनच्या आसपास मानला जातो, गोवराच्या तुलनेत अगदीच कमी. पण इबोला झालेल्यांपैकी सरासरी निम्मे दगावतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आर-नॉट जास्त म्हणजे विषाणू जास्त खतरनाक’ असं कुणी पाठवलं तर हे लक्षात असू द्या.

हे गणित आलं कुठून? मुंबईच्या प्लेगचाही यात वाटा आहे

१९२७ मध्ये एडिंबराच्या विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. आजही वर्गात शिकवलं जाणारं साथींचं मूळ मॉडेल त्यातूनच येतं. करमॅक रसायनशास्त्रज्ञ होते आणि प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते आणि त्यांनी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं होतं. आपलं समीकरण खऱ्या साथीशी जुळतं का, हे दाखवायला त्यांनी आलेख घेतला तो मुंबईचा. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात इथे प्लेगने दर आठवड्याला झालेले मृत्यू.

त्या निबंधाने एक महत्त्वाची गोष्ट गणिताने दाखवली. साथ थांबते ती सगळे आजारी पडून संपले म्हणून नाही. आजार होऊ शकेल अशा माणसांचं प्रमाण एका ठरावीक पातळीच्या खाली गेलं की पुढची साखळी आपोआप तुटत जाते. ही पातळी म्हणजेच उंबरठा.

गंमत अशी की मुंबईचा तो प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, माणसाकडून माणसाला नव्हे. मॉडेल मात्र थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आजाराचं होतं. तरीही आलेख छान जुळला! वक्ररेषा जुळली म्हणजे कारणही बरोबर ओळखलं असं होत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता उंबरठा काढूया

सूत्र पाठ करण्याआधी चित्र डोळ्यासमोर आणा. गोवराचा एक रुग्ण आहे आणि तो १५ जणांना आजार देऊ शकतो. त्या १५ पैकी १४ जणांना आधीच प्रतिकारशक्ती असेल तर उरला एकच. म्हणजे एका रुग्णामागे एक नवा रुग्ण, साथ वाढतही नाही आणि कमीही होत नाही. १५ पैकी १४ पेक्षा थोडे जरी जास्त लोक सुरक्षित असले तरी एका रुग्णामागे एकाहून कमी रुग्ण होतील आणि साथ विझत जाईल.

१५ पैकी १४ म्हणजे ९३.३ टक्के. सूत्र एवढंच आहे:

```
H = 1 - 1/R0
H = 1 - 1/15 = 0.933
```

H म्हणजे हर्ड इम्युनिटीचा उंबरठा, मराठीत सामूहिक प्रतिकारशक्तीचा. आर-नॉट १२ धरला तर तो ९१.७ टक्के येतो आणि १८ धरला तर ९४.४ टक्के.

पण लस दिली म्हणजे प्रतिकारशक्ती आलीच असं नाही, आणि प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. गोवर लसीचे दोन डोस झालेल्या १०० मुलांपैकी साधारण ९७ जणांना संरक्षण मिळतं. म्हणून उंबरठ्याला लसीच्या प्रभावाने भागायचं:

```
0.933 / 0.97 = 0.962
```

उत्तर ९६.२ टक्के. इथे असाइनमेंट संपते.

आता एक प्रयोग स्वतः करून बघा. दोनऐवजी एकच डोस दिला तर? नऊ महिन्यांच्या बाळाला दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात अजून शिल्लक असू शकतात आणि ती लसीच्या आड येतात. ०.९३३ ला ०.८५ ने भागलं तर उत्तर येतं १.०९८, म्हणजे जवळपास ११० टक्के. शंभर मुलांच्या वस्तीत ११० मुलांना लस कशी देणार? विद्यार्थी हे उत्तर पाहून कॅल्क्युलेटर पुन्हा दाबतात, पण गणित बरोबर आहे. एका डोसवर गोवराची साखळी तोडता येत नाही, गावातलं एकही मूल सुटलं नाही तरीही. भारतात २०१० पासून गोवर लसीचा दुसरा डोस कार्यक्रमात आणला गेला. सध्या गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. ‘एक तर दिलाय ना, दुसरा नाही दिला तर काय बिघडतं’ असं वाटणाऱ्यांसाठी हे ११० टक्के पुरेसं उत्तर आहे.

मग जागतिक आरोग्य संघटना दोन्ही डोसांसाठी ९५ टक्क्यांचं लक्ष्य का सांगते, ९६.२ का नाही? कारण ९५ हा दशांश चिन्हापर्यंत काढलेला आकडा नाहीच. ९५ टक्के मुलांना दोन डोस दिले आणि त्यातल्या ९७ टक्क्यांना संरक्षण मिळालं, तर सुमारे ९२ टक्के मुलं सुरक्षित होतात. आर-नॉट १२ असलेल्या वस्तीला ते पुरतं, १५ असलेल्या वस्तीला जरासं कमी पडतं. ते सगळ्यांना लक्षात राहील असं, थोडं गोल केलेलं लक्ष्य आहे. ‘९५ झाले, आता सुटलो’ अशी ती लक्ष्मणरेषा नाही.

मग सरासरी बरोबर असूनही साथ का येते?

खरी मेख इथे आहे. १ − १/R0 या सूत्राने गुपचूप एक गोष्ट गृहीत धरलेली असते की वस्तीतला प्रत्येक जण प्रत्येकाला सारख्याच प्रमाणात भेटतो. म्हणजे गोवंडीतलं मूल जेवढं शेजारच्या मुलाशी खेळतं, तेवढंच ते मलबार हिलच्या मुलाशीही खेळतं. खऱ्या शहरात असं होत नाही.

एक काल्पनिक शहर घ्या. सारख्याच लोकसंख्येचे दहा भाग आहेत. नऊ भागांत ९७ टक्के मुलं सुरक्षित आहेत आणि दहाव्या भागात फक्त ६० टक्के. शहराची सरासरी काढा. नऊ गुणिले ९७ म्हणजे ८७३, त्यात ६० मिळवले की ९३३, आणि दहाने भागलं की ९३.३ टक्के. अगदी उंबरठ्याएवढी! अधिकाऱ्यांच्या सादरीकरणात हे शहर हिरव्या रंगात दिसेल.

आता दहाव्या भागात एक रुग्ण सोडा. तिथे ४० टक्के मुलं असुरक्षित आहेत, म्हणून एका रुग्णामागे १५ गुणिले ०.४० म्हणजे ६ नवे रुग्ण होणार. या ‘आत्ताच्या’ आकड्याला प्रभावी पुनरुत्पादन संख्या म्हणतात. आर-नॉट सुरुवातीचा आकडा आणि हा प्रत्यक्षातला. गोवरात एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत साधारण बारा दिवस जातात. म्हणजे एकाचे सहा, सहाचे ३६, ३६ चे २१६, आणि हे सगळं पाच आठवड्यांच्या आसपास. (पुढे वेग कमी होतो, कारण त्याच गल्लीत आजारी पडायला मुलंच कमी उरतात.) उरलेल्या नऊ भागांत मात्र हाच आकडा १५ गुणिले ०.०३ म्हणजे ०.४५. तिथे रुग्ण पोहोचला तरी साखळी एक-दोन घरांत विझते. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकीकडे साथ आणि दुसरीकडे काहीच नाही.

२०२२ मध्ये मुंबईत असंच काहीसं दिसलं. साथीचं केंद्र होतं एम पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा दाटीवाटीचा पट्टा. कोरोनाच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झालं होतं, कुटुंबं गावी गेली आणि परत आली, काही घरांत लसीबद्दल शंका होती. सुटलेली मुलं शहरभर विखुरलेली असती तर कदाचित एवढा भडका उडाला नसता. पण ती एकमेकांच्या शेजारी राहत होती. त्यात दाटी म्हणजे भेटी जास्त, आणि भेटी जास्त म्हणजे त्या वस्तीचा आर-नॉटच मुळात जास्त. अशा वस्तीला शहराच्या सरासरीपेक्षा वरचा उंबरठा लागतो आणि तिथलंच लसीकरण खाली असतं. हा दुहेरी फटका शहराच्या एका आकड्यात दिसत नाही.

कोरोनातही आपण हे पाहिलंय. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांमध्ये रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, तर इमारतींमध्ये फक्त १६ टक्के. सोशल मीडियावर लगेच ‘मुंबईत हर्ड इम्युनिटी आली’ असं फिरायला लागलं. ज्या वस्त्यांत विषाणू आधीच फिरून गेला होता, त्यांचा आकडा लोकांनी अख्ख्या शहराला लावला. २०२१ ची दुसरी लाट आली तेव्हा सुरुवातीला पालिकेच्या नोंदींमध्ये बहुतांश रुग्ण इमारतींमधलेच होते.

कागदावरचे ९५ टक्के खरे आहेत का, हे कसं ओळखायचं?

लसीकरणाची टक्केवारी म्हणजे दिलेले डोस भागिले त्या भागातली लस घेण्याच्या वयाची मुलं. वरचा आकडा रजिस्टरमध्ये असतो. खालचा बहुतेक वेळा अंदाज असतो, जुन्या जनगणनेवरून पुढे वाढवलेला. स्थलांतरित कुटुंबांची मुलं अनेकदा त्या खालच्या आकड्यात धरलेलीच नसतात. त्यामुळे कधीकधी एखाद्या वॉर्डाचं लसीकरण १०० टक्क्यांच्या वर दाखवलं जातं. असा आकडा दिसला तर कौतुक करण्याआधी समजून जा की खालची संख्या चुकली आहे आणि न मोजलेली मुलं तिथेच कुठेतरी आहेत.

दुसरी खूण म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या डोसमधला फरक. पहिला ९५ आणि दुसरा ८० असेल तर बातमीचा मथळा ९५ चा होतो, पण साखळी तोडायला लागतो तो ८० चा आकडा. सगळ्यात खरी कसोटी म्हणजे मुलांचं रक्त तपासून थेट प्रतिपिंडं पाहणं. ते खर्चिक आहे, म्हणून क्वचितच होतं. मग बऱ्याचदा गोवराची साथच ते सर्वेक्षण करते. गोवर इतका सहज पसरतो की लसीकरणातलं भोक जिथे असेल तिथे तो सगळ्यात आधी उगवतो.

‘येऊ दे साथ, आपोआप उंबरठा गाठला जाईल’ हे का चालत नाही?

उंबरठा गाठला त्या क्षणी साथ थांबते असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी साथ शिखरावर असते. तोपर्यंत जे हजारो रुग्ण झालेत, ते पुढे आणखी काही जणांना आजार देतच राहतात, फक्त दर वेळी थोड्या कमी लोकांना. ब्रेक दाबल्यावर एसटी जागच्या जागी थांबत नाही, तसं. आर-नॉट २ असलेल्या आजाराचा उंबरठा ५० टक्के आहे, पण साथ मोकळी सोडली तर मॉडेलनुसार ती संपेपर्यंत सुमारे ८० टक्के लोकांना आजार होऊन जातो. गोवराच्या बाबतीत तर जवळजवळ कुणीच सुटत नाही. लस येण्याआधीच्या पिढ्यांमध्ये बहुतेक प्रत्येक मुलाला गोवर व्हायचाच, आपल्या आजी-आजोबांना विचारून बघा. लसीने उंबरठा ओलांडला तर हा जास्तीचा भाग टळतो, कारण तेव्हा शिखरावर रुग्ण नसतात.

असाइनमेंटसाठी आणखी एक बारीक मुद्दा. हे सगळं गणित माणसाकडून माणसाला पसरणाऱ्या आजारांचं आहे. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत येतात. शेजारच्या शंभर जणांनी त्याची लस घेतली तरी तुम्हाला काहीच संरक्षण मिळत नाही, म्हणून धनुर्वाताचा हर्ड इम्युनिटी उंबरठा काढा असं विचारलं तर तो प्रश्नच चुकीचा आहे.

गोवरात उलट आहे. तिथे शेजाऱ्यांच्या लसीवर सगळ्यात जास्त अवलंबून असतात ती नऊ महिन्यांपेक्षा लहान बाळं, कारण नियमित वेळापत्रकात त्यांच्यासाठी लसच नाही. २०२२ च्या साथीत केंद्राने साथग्रस्त भागांसाठी म्हणूनच वेगळी सूचना काढली. ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस, आणि जिथे रुग्णांमध्ये नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस. या डोसला ‘झिरो डोस’ म्हटलं गेलं. इतक्या लहान वयात दिलेल्या लसीवर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तो हिशोबात धरला जात नाही. त्या बाळाला नंतरचे दोन्ही डोस ठरलेल्या वयात द्यावेच लागतात.